‘मिळतंय ते घे’ हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीतून एखाद्या नव्या पदवीधराला नोकरीचं पत्र आलं, की नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात पेढ्यांआधी सल्ला येतो : मिळतंय ते घे, जास्त बोलू नकोस. मामा म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. कॉलेजचे प्लेसमेंटचे सर म्हणतात, तुझ्याकडे दुसरी ऑफर आहे का? नाही ना? मग कशाच्या जोरावर बोलणार? आणि कुणीतरी ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ म्हणून विषय संपवतो. हरी अडलाय हे खरं. पण गाढवही अडलेलं असू शकतं, हे ती म्हण सांगत नाही, आणि सल्ला देणारेही तपासत नाहीत.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे माणसं नेमणाऱ्यांच्या बाजूला, बसलो आहे. मुलाकडे दुसरी ऑफर नाही, एवढ्यावरून त्याच्याकडे काहीच जोर नाही असा निष्कर्ष तिथे कुणी काढत नाही. तो निष्कर्ष मुलगा आणि त्याच्या घरचेच काढून येतात, आणि त्याचा फायदा कंपनीला आपोआप होतो.

जोर म्हणजे दुसरी ऑफर, हे समीकरण आलं कुठून? वाटाघाटींवरच्या पुस्तकांतून. १९८१ साली रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या ‘गेटिंग टू येस’ने एक कल्पना लोकप्रिय केली : करार झाला नाही तर तुमच्यापुढे जो सगळ्यात चांगला पर्याय उरतो, तीच तुमची ताकद. कल्पना चुकीची नाही. पण आपल्याकडे ती अर्धीच शिकवली जाते. पर्याय जसा तुमचा मोजायचा, तसाच समोरच्याचाही मोजायचा असतो. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर कंपनीचं काय होतं, हा उरलेला अर्धा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तो विचारून बघू. एका मध्यम कारखान्यात क्वालिटी विभागातली एक जागा रिकामी आहे. आधीचा इंजिनिअर वर्षभरात शिकून रांजणगावला किंवा चाकणला निघून गेला. ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आहे, आणि त्याचं काम दुसरा एक जण दुपारच्या पाळीनंतर थांबून उरकतोय. एचआरने अर्ज चाळले, परीक्षा घेतली, दोन मुलाखती झाल्या, साहेबांची सही झाली. आता निवडलेला मुलगा ‘नाही’ म्हणाला तर हे सगळं पुन्हा करायचं, आणि यादीतला दुसरा मुलगा एव्हाना दुसरीकडे लागलेला असू शकतो. निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंत एचआरला खरी भीती असते ती ऐनवेळी न येणाऱ्या उमेदवाराची. या थोड्या दिवसांत तुमच्या शब्दाला जी किंमत असते, ती साहेबांच्या सहीच्या आधी नव्हती आणि तुमच्या सहीनंतर राहणार नाही. नेप्तीच्या बाजारात कांदा उतरवून झाल्यावर ट्रॉली परत न्यायची धमकी कुणी मनावर घेत नाही. जे बोलायचं ते उतरवण्याआधी.

यावर एक तगडा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, प्रशिक्षणही पूर्ण केलेल्या नवपदवीधरांना विचारलं : साडेतीन लाखांवर येता का? पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, बातम्या झाल्या. पण ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांच्यापुढे निवड काय होती? तेव्हा आक्षेप घेणारे म्हणतात, हे बघा, फ्रेशरची लायकी एवढीच.

मला यातून वेगळी गोष्ट दिसते. तिथे मुलं घाऊक भरली जात होती. हजारांच्या यादीतली एक ओळ गळाली तर यादीला काही होत नाही. तिथे एकट्या मुलाने पगारावर घासाघीस करण्यात अर्थ नाही, हे मी सरळ मान्य करतो. पण तो नियम एका जागेसाठी एक माणूस घेणाऱ्या कारखान्याला लावणं ही चूक आहे. म्हणून पहिलं काम, आपण कुठे उभे आहोत ते ओळखणं. पत्राचा मजकूर सगळ्यांना शब्दशः एकच, रुजू होण्याची तारीख ‘नंतर कळवू’, आणि तुमच्या बॅचच्या चाळीस जणांना एकाच दिवशी मेल, असं असेल तर तुम्ही यादीतली ओळ आहात. याउलट वैद्यकीय तपासणी दोन दिवसांत लावली, ‘एक तारखेलाच या’ म्हणून आग्रह झाला, किंवा एचआर सोडून विभागप्रमुखाने स्वतः फोन केला, तर समजा की तिकडे कुणाचं तरी काम अडलंय. ‘तुझ्यामागे दहा जण रांगेत आहेत’ असं सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘मग येताय ना?’ म्हणून फोन करत असेल, तर त्या रांगेबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

आता एक पत्र समोर ठेवू. समजा, विळद घाटातल्या कॉलेजातून मेकॅनिकल झालेला, पारनेर तालुक्यातला एक मुलगा आहे. शेवटच्या सत्रातली इंटर्नशिप त्याने सुप्याच्या ज्या कारखान्यात केली, तिथूनच हे पत्र आलंय. वर ठळक अक्षरांत वार्षिक ३,२४,०००, म्हणजे महिना २७,०००. घरी हाच आकडा सांगितला गेला, आणि गावातही. खाली तक्ता आहे. मूळ पगार १५,०००, घरभाडे भत्ता ४,०००, इतर भत्ते २,५००. इथपर्यंत २१,५००. पुढे कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १,८००, ग्रॅच्युइटीपोटी ७२०, विम्यापोटी ४८०, आणि ‘कामगिरीनुसार वार्षिक’ म्हणून २,५००. झाले २७,०००. यातला ग्रॅच्युइटीचा पैसा आज मिळत नाही. कामगिरीचा पैसा वर्षअखेरीस, तोही मिळाला तर. २१,५००मधून त्याचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला, की हातात येतात साधारण साडेएकोणीस हजार.

याच पत्रासोबत पाचशेच्या स्टॅम्पवर बाँड आहे : दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख भरायचे. मूळ गुणपत्रिका आणि पदवी कंपनीकडे जमा. एक कोरा चेक, सही करून. मुलाने सोडायचं तर नव्वद दिवसांची नोटीस, कंपनीने काढायचं तर तीस.

मामांचा सल्ला मानणारा मुलगा इथे सही करतो. कॉलेजातल्या मित्रांचं ऐकणारा म्हणतो, पगार तीन चोवीसचा चार करा. माझ्या मते दोघांचंही चुकतं. एचआरने ठरवलेला स्लॅब एका फ्रेशरसाठी मोडला तर गेल्या वर्षी लागलेले चौघे उद्या दारात उभे राहतात. ही अडचण खरी आहे, बहाणा नाही. मग ज्याला स्लॅब आड येत नाही ते मागावं. कामगिरीचे २,५०० पहिल्या वर्षापुरते पक्क्या भत्त्यात घाला, एवढंच. पत्रावरचा आकडा ३,२४,०००च राहतो, साहेबांना सही करायला जड जात नाही, आणि मुलाच्या हातात महिना बावीस हजारांच्या आसपास पडतात. कंपनी म्हणेल, कामगिरी न बघता कसं देणार? तर सहा महिन्यांनी कायम करताना काय बघणार आणि किती वाढवणार ते आकड्यासकट पत्रात लिहा. ‘नंतर बघू’ हे वाक्य कुठल्याही हिशोबात धरता येत नाही.

हा मुलगा मागू शकतो कशाच्या जोरावर? इंटर्नशिपच्या. त्या शॉप फ्लोअरवरची मशीन त्याला माहीत आहेत, फिक्श्चर माहीत आहेत, कुठल्या पार्टला रिजेक्शन जास्त येतं हेही माहीत आहे. बाहेरच्या नव्या मुलाला तिथवर यायला काही महिने जातात, आणि त्या महिन्यांचा पगार कंपनीच भरते. दुसरा जोर त्याच्या गावाचा, आणि तोच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. ‘तू तर घरूनच येणार, तुला खर्च काय?’ हे वाक्य मुलाखतीत ऐकलं नसेल असा नगरचा मुलगा विरळा. जणू पगार कामाचा नसून भुकेचा असतो. खरं तर या पट्ट्यातल्या कारखान्यांचं दुखणंच हे, की मुलं इथे शिकतात आणि पुणे–नगर रस्त्याने पुण्याकडे सरकतात. सुपे आणि रांजणगाव एकाच रस्त्यावर आहेत, बस बदलायचीही गरज नाही. घर इथेच असलेला, शेती आणि आईवडील इथेच असलेला मुलगा टिकण्याची शक्यता जास्त, हे एचआरला पक्कं ठाऊक असतं. टिकणाऱ्या माणसाची किंमत कमी कशी? त्याने हे बोलून दाखवावं : मी इथलाच आहे, टिकणार आहे, म्हणून बाँडची अट सैल करा.

बाँडकडे येऊ, कारण तिथे दोन्ही बाजूंचे सल्लागार सारख्याच आत्मविश्वासाने चुकतात. एक म्हणतो, ‘बाँडला कायद्यात काही किंमत नसते, कर सही, पुढचं पुढे.’ दुसरा म्हणतो, ‘सही केली की दोन वर्षं गुलामी.’ १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. बँकेची अट होती, तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आधीच राजीनामा देऊन दुसरी बँक धरली, निषेध नोंदवून पैसे भरले आणि ते परत मागितले. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. तेव्हा बाँड म्हणजे रद्दी हे विसरा. पण न्यायालयाने काय तोललं तेही पाहा : सरकारी बँकेला जाहिरात देऊन, खुली स्पर्धा घेऊन माणूस निवडावा लागतो, त्याचा खर्च, आणि त्या अधिकाऱ्याचा पगार पाहता दोन लाख अवाच्या सवा आहेत का. साडेएकोणीस हजार हातात पडणाऱ्या मुलाला दीड लाख म्हणजे जवळपास आठ महिन्यांची कमाई. करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. हे सगळं मुलाच्या बाजूने मांडता येईल. पण कुठे? कोर्टात, वकिलाची फी भरून. सहीच्या आधी तेच काम एका मेलमध्ये होतं.

त्या मेलमध्ये बाँड रद्द करा असं लिहू नये. लिहावं, की रक्कम महिन्यागणिक कमी होत जावी. दीड लाख भागिले चोवीस म्हणजे ६,२५०. विसाव्या महिन्याअखेर सोडलं तर उरलेल्या चार महिन्यांचे २५,०००, पूर्ण दीड लाख नाही. कंपनीला याचा खर्च शून्य, कारण मुलगा राहिला तर कुणीच कुणाला काही देत नाही. आणि प्रशिक्षणाचा खर्च वसूल व्हावा हाच बाँडमागचा हेतू असेल, तर वीस महिने काम करून दिलेल्या मुलाकडून तो बराचसा वसूल झालेलाच असतो. याला ‘नाही’ म्हणणाऱ्या एचआरकडे कारण नसतं, फक्त जुना मसुदा असतो.

कोऱ्या चेकबद्दल मात्र मी मध्यम मार्ग सांगणार नाही. देऊ नका. बाँडवर कंपनीला नुकसान दाखवावं लागतं. सही केलेला कोरा चेक हातात असला की त्यात रक्कम भरून तो बँकेत टाकता येतो. तो वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १३८व्या कलमाखाली फौजदारी प्रकरण उभं राहतं. ‘मी कोरा दिला होता’ हा बचाव एकटा पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये बीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. देणं नव्हतंच, हे मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. मूळ कागदपत्रांचंही तसंच : दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ प्रती त्याच दिवशी घरी आणा. पदवीचा कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवून पुढची मुलाखत देता येत नाही. तो ठेवून घेण्यामागे दुसरा कुठला हेतू असतो, मला तरी सुचलेलं नाही.

कसं बोलायचं? आधी पत्राबद्दल आभार मानून दोन-तीन कामाचे दिवस मागायचे. त्या दिवसांत सगळं एकदाच ठरवायचं आणि एकदाच मांडायचं. आज पगार, उद्या नोटीस, परवा बसचा पास असं तुकड्यातुकड्याने मागणारा मुलगा दोन फोनमध्ये नकोसा होतो. विभागप्रमुखाशी ओळख असेल तर आधी त्यांच्या कानावर घालायचं, कारण जागा रिकामी राहिल्याचा त्रास त्यांना होतो, एचआरला नाही. मग एचआरला मेल : ‘सर, मला इथेच काम करायचं आहे. तीन गोष्टींबद्दल विचारायचं होतं. पहिल्या वर्षाची कामगिरीची रक्कम मासिक भत्त्यात धरता येईल का? बाँडची रक्कम दर महिन्याला प्रमाणात कमी होईल असं करता येईल का? नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना तीस दिवस ठेवता येईल का? एवढं जमलं तर मी आजच सही करून एक तारखेला हजर होतो.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. दुसरी ऑफर नसलेल्या मुलाकडे देण्यासारखी एक गोष्ट असते, ती म्हणजे लगेच मिळणारा पक्का होकार, आणि एचआरला नेमका तोच हवा असतो. तिन्ही वाक्यं प्रश्नार्थक आहेत, तेही मुद्दाम. करार कायद्याच्या सातव्या कलमानुसार होकार बिनशर्त असावा लागतो. ‘बावीस हजार द्याल तरच येतो’ म्हणालात, तर तो होकार राहत नाही, तुमचा उलटा प्रस्ताव होतो, आणि मूळ ऑफर संपली असं कंपनी म्हणू शकते. ‘देता येईल का?’ ही नुसती विचारणा. ऑफर जागेवर राहते.

आणि खोटी ऑफर दाखवू नका. ‘पुण्यातून चार लाखांचं आलंय’ असं ठोकून दे, हा सल्ला आता सर्रास दिला जातो. एचआर एकच गोष्ट म्हणतो : पत्र फॉरवर्ड करा. मग? शिवाय नगरची औद्योगिक वसाहत लहान आहे, इथले एचआर एकमेकांना ओळखतात, प्लेसमेंटचे सर सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. खोटं पकडलं गेलं की मागणी तर जातेच, टिकणारा माणूस ही जी खरी किंमत होती तीही जाते.

एवढं करूनही कंपनी नाही म्हणू शकते. पत्र मागे घेऊ शकते का? घेऊ शकते, होकार कळवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, कायदा तिच्या बाजूने आहे. नम्रपणे विचारलेल्या तीन प्रश्नांवर पत्र मागे घेणं क्वचितच घडतं, पण घडत नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून ज्याच्या घरी खरोखरच या महिन्याचा पगार आला पाहिजे, त्याने पगाराचा प्रश्न सोडून द्यावा आणि बाँड, चेक, कागदपत्रं एवढंच विचारावं. पगार वर्षभरात दुसरीकडे सुधारता येतो, पण बाहेर पडायची वाट बंद असेल तर दुसरीकडे जाणार कसं? आणि सगळ्याला ‘नाही’ आलं, तरी विचारणा आणि उत्तर दोन्ही मेलवर राहतात. उद्या दीड लाखांचा वाद झालाच, तर अटीबद्दल आधी विचारलं होतं, याचा लेखी पुरावा हातात असतो.

नेमणूकपत्र तर मागायचंच. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ते देणं मालकावर बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ‘पत्र नंतर देऊ, आधी जॉइन व्हा’ हे ऐकून घेण्याचं कारण उरलेलं नाही.

राहिला प्लेसमेंटच्या सरांचा प्रश्न : कशाच्या जोरावर बोलणार? सर, तुमच्याही जोरावर. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांत कंपन्या दरवर्षी येतात, आणि पुढच्या वर्षीही त्यांना यायचं असतं. एकट्या मुलाला न जमणारी गोष्ट तुमचं एक पत्र करू शकतं. मुलाखतीची तारीख देण्याआधी कंपनीकडून पगाराचा तक्ता, बाँडची रक्कम, नोटिशीचा काळ आणि कागदपत्रांची अट लेखी मागवा, आणि ते सगळं नोटीस बोर्डावर लावा. जी कंपनी कोरा चेक मागते, तिला कॅम्पसमध्ये तारीख देऊ नका.